एचआरएचा हिशोब करताना या चुका टाळा (पगारपत्रकं बघून डोकं पिकलेल्या माणसाकडून)

जानेवारी आला की एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी आमच्या टेबलावर भाडेपावत्यांचा ढीग पडतो आणि दरवर्षी त्याच चार-पाच चुका नव्या चेहऱ्यांनी समोर येतात. गुणाकार सगळ्यांना येतो हो, पण कुठला आकडा कुठे घ्यायचा आणि किती महिन्यांचा घ्यायचा तिथे गाडी अडते. खाली लिहिलंय ते 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतच्या नियमांवर आहे, 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय तेव्हा पुढच्या वर्षाचा हिशोब करताना शहरांची यादी आणि टक्के त्या वर्षाच्या नियमातून बघून घ्या.

सगळ्यात आधी टॅक्सची रेजीम बघा, जुनी की नवी. नव्या रेजीममध्ये एचआरएची सूट मिळतच नाही, आणि 2023-24 पासून काही न सांगितलं तर तुम्ही आपोआप नव्या रेजीममध्येच असता. पावत्या जमवून, घरमालकाच्या मागे पॅनसाठी फिरून झाल्यावर मग "माझा टीडीएस का कमी झाला नाही" म्हणून विचारायला येणारे दरवर्षी असतात. 2025-26 साठी नव्या रेजीममध्ये पगारदाराला साधारण पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर टॅक्सच लागत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना हा खटाटोप करायची गरजच नाही. दोन्ही रेजीमचा टॅक्स काढून बघा, जुनी फायद्याची निघाली तरच पुढे वाचा.

आता नियम. तीन आकडे काढायचे: एक, प्रत्यक्ष मिळालेला एचआरए. दोन, भरलेलं भाडं वजा पगाराचे 10 टक्के. तीन, मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत राहत असाल तर पगाराचे 50 टक्के, बाकी कुठेही असाल तर 40 टक्के. यातला सगळ्यात लहान आकडा सूट, उरलेला एचआरए करपात्र.

यातला "पगार" म्हणजे बेसिक, आणि डीए असेल व तो निवृत्तीच्या लाभात धरला जात असेल तर तो. बस. (विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर कमिशन मिळणाऱ्यांना तेही धरावं लागतं, पण ते थोडे.) स्पेशल अलाउन्स, बोनस, कन्व्हेयन्स, खुद्द एचआरए, यातलं काहीही नाही. तरी सीटीसी बाराने भागून त्याचे 50 टक्के काढणारे महाभाग भेटतात. खाजगी कंपनीत डीए बहुतेक नसतोच, सरकारी नोकरीत मात्र तो धरायचा विसरू नका.

आता माझी खास आवडती, म्हणजे खास नावडती चूक: वर्षाचे एकूण आकडे घेऊन एकदाच हिशोब करणे.

नियम सांगतो की ज्या काळात तुम्ही भाड्याच्या घरात राहिलात त्या काळापुरताच हा हिशोब करायचा. बेसिक, एचआरए, भाडं आणि शहर या चारपैकी काहीही वर्षाच्या मधे बदललं की वर्षाची गोळाबेरीज चुकते. आणि मजा म्हणजे ती एकाच बाजूला चुकत नाही, कधी सूट जास्त दाखवते, कधी कमी.

आमच्याकडचा एक पोरगा. बेसिक 50,000, एचआरए 25,000. एप्रिल ते ऑगस्ट डोंबिवलीला आईवडिलांकडे, भाडं शून्य. लग्न झालं आणि सप्टेंबरपासून मुलुंडला 38,000 भाड्याने फ्लॅट घेतला. पेरोलने महिन्यामहिन्याने हिशोब केला होता: पहिल्या पाच महिन्यांत भाडंच नाही म्हणून सूट शून्य. सप्टेंबरपासून मिळालेला एचआरए 25,000, भाडं वजा बेसिकचे 10 टक्के म्हणजे 33,000, मुंबईचे 50 टक्के म्हणजे 25,000. लहान आकडा 25,000, सात महिन्यांचे झाले 1,75,000. फॉर्म 16 मध्ये तेच आलं.

रिटर्न भरताना पठ्ठ्याने कुठल्यातरी कॅल्क्युलेटरमध्ये वर्षाचे आकडे टाकले. भाडं 2,66,000, त्यातून वर्षाच्या 6,00,000 बेसिकचे 10 टक्के म्हणजे 60,000 गेले, राहिले 2,06,000. एचआरए 3,00,000, 50 टक्केही 3,00,000. लहान 2,06,000. "पेरोलने माझे 31,000 खाल्ले" असं सगळ्या ग्रुपवर सांगत फिरला, माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, आणि रिटर्नमध्ये 2,06,000 टाकून मोकळा झाला. फॉर्म 16 आणि रिटर्नमधला फरक खात्याच्या नजरेत आला, फरकाबद्दल मेसेज आला, मग हा माझ्याकडे. झालं काय होतं, तर वर्षाच्या बेरजेमुळे एप्रिल ते ऑगस्टचा पाच महिन्यांचा एचआरए आणि पाच महिन्यांचे 50 टक्के या मर्यादा पुढच्या महिन्यांच्या भाड्याला उसन्या मिळाल्या होत्या. ज्या महिन्यात भाडं दिलंच नाही त्या महिन्याचा एचआरए सुटेल कसा? शेवटी डिसेंबर संपायच्या आत रिटर्न रिवाइज केला, 31,000 वर 30 टक्क्यांच्या स्लॅबने सेससकट 9,672 रुपये आणि वर थोडं व्याज भरलं.

आता त्याच पोराचं भाडं 38,000 ऐवजी 22,000 असतं तर बघा. बरोबर हिशोबाने महिन्याला 22,000 वजा 5,000 म्हणजे 17,000, सात महिन्यांचे 1,19,000. वर्षाच्या बेरजेने 1,54,000 वजा 60,000 म्हणजे 94,000. इथे उलटे 25,000 स्वतःहून सोडले असते, कारण भाडं नसलेल्या पाच महिन्यांच्या बेसिकचेही 10 टक्के वजा झाले. अशा केसमध्ये कोणी मेसेजबिसेज पाठवत नाही, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही.

मी सरळ शीट ठेवतो, बारा ओळी, महिन्याला एक. बी मध्ये बेसिक, सी मध्ये मिळालेला एचआरए, डी मध्ये भाडं, ई मध्ये घर मुंबईसारख्या चारपैकी एका शहरात असेल तर M, नाहीतर रिकामं.

```
=MAX(0, MIN(C2, D2-10%*B2, IF(E2="M",50%,40%)*B2))
```

खाली ओढायचं आणि शेवटी बेरीज. MAX शून्य यासाठी की भाडं नसलेल्या महिन्यात मधला आकडा उणे येतो. दहा मिनिटांचं काम आहे, तरी लोकांना एका चौकटीत आकडा टाकून उत्तर हवं असतं. ज्या कॅल्क्युलेटरमध्ये महिने विचारतच नाहीत तो वर्षभर एकच घर, एकच पगार असणाऱ्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी त्याच्या नादी लागू नका. इन्क्रिमेंट ऑक्टोबरला झालं असेल तर ऑक्टोबरच्या ओळीपासून नवा बेसिक आणि नवा एचआरए, एवढंच.

दुसरी चूक शहराची, आणि ही मुंबईच्या आसपास जास्त. 50 टक्के हे घर कुठे आहे त्यावर, ऑफिस कुठे आहे त्यावर नाही. ऑफिस बीकेसीला असलं आणि घर ठाण्यात, वाशीला, मीरा रोडला, कल्याणला किंवा वसईला असलं तर 40 टक्के. चेकनाक्याच्या अलीकडे मुलुंड 50, पलीकडे ठाणे 40. दहिसर 50, मीरा रोड 40. "पण आमच्याकडे लोकल येते की," "पत्त्यात नवी मुंबई लिहिलंय, मुंबईच झाली ना" असे युक्तिवाद मी खूप ऐकलेत. नवी मुंबई वेगळी महानगरपालिका आहे, नियमात मुंबई म्हटलंय. पुण्याचे लोकही "एवढं मोठं शहर" म्हणून 50 लावतात, 2025-26 च्या हिशोबात पुणे 40 मध्येच येतं. दिल्लीच्या बाबतीत नोएडा-गुडगावचीही तीच गत.

भांडण्याआधी एक बघा, ही 40-50 ची मर्यादा तुम्हाला लागते तरी का? कंपनी बेसिकच्या 40 टक्केच एचआरए देत असेल तर मिळालेला एचआरएच आधी आडवा येतो, शहर कुठलंही असो उत्तर तेच. तुमचा एचआरए 50 टक्के, घर वाशीला आणि भाडं भरपूर असेल तरच फरक पडतो: बेसिक 50,000 असेल तर 25,000 ऐवजी 20,000 वर सूट थांबते. आणि वर्षाच्या मधे वाशीहून चेंबूरला गेलात तर त्या महिन्यापासून ई मध्ये M टाका, मागच्या महिन्यांना हात लावू नका.

बाकीच्या चुका पटापट. डिपॉझिट, सोसायटीला वेगळं भरलेलं मेंटेनन्स, लाइट बिल हे भाडं नव्हे. तिघं मिळून राहत असाल तर पूर्ण भाडं तिघांनीही दाखवायचं नाही, आपापला वाटा दाखवा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून ॲग्रीमेंट करतानाच तो मागून घ्या, जानेवारीत मागितलात तर मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मित्राचा किंवा काकाचा पॅन टाकायची आयडिया कोणी दिली तर त्याला माझा नमस्कार सांगा, भाडं त्याच्या रिटर्नमध्ये दिसलं नाही की विचारणा दोघांनाही होऊ शकते. महिन्याचं भाडं 50,000 च्या वर असेल तर भाडेकरू म्हणून टीडीएस तुम्हीच कापायचा, ऑक्टोबर 2024 पासून तो 2 टक्के आहे.

आईवडिलांना भाडं देणं चालतं, पण घर त्यांच्या नावावर हवं, पैसे दर महिन्याला खरोखर बँकेतून जायला हवेत आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवेत. मार्चमध्ये बारा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच शाईत लिहून आणणाऱ्यांना मी परत पाठवतो. बायकोला भाडं देण्याचे प्रयोग करू नका. बाबांना भाडं द्यायचंच ठरलं असेल तर एप्रिलमध्येच साधं ॲग्रीमेंट करा, बँकेत महिन्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा आणि बाबांच्या सीएला आधी कळवा, कारण टॅक्स तुमचा वाचून त्यांचा वाढतोय का हे तोच सांगेल.