पट्टा आणण्याआधी: आठव्या-नवव्या महिन्यातल्या दुखण्याची तयारी

गरोदरपणातल्या कंबर-ओटीपोटाच्या दुखण्यासाठी बांधायचा पट्टा घ्यायला नागपुरात सीताबर्डीवर निघण्याआधी एक काम घरीच उरकून घ्या. दुखतं कुठे, ते एका बोटाने दाखवा. बोट कमरेच्या मध्यावर, पाठीच्या कण्याशी गेलं तर ती बहुधा नेहमीची कंबरदुखी. पण बोट त्याखाली, नितंबाच्या वरच्या खळीपाशी किंवा पुढे जांघांच्या मधल्या हाडावर गेलं, आणि कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येत असेल, तर दुखणं ओटीपोटाच्या सांध्यांचं असण्याची शक्यता जास्त. साधारण पाचातल्या एका गर्भवतीला ते होतं. बाळाला त्याचा अपाय नसतो. पट्ट्याचा उपयोग झालाच तर मुख्यतः याच दुखण्यात होतो.

माझ्याकडे फिजिओथेरपीला आलेली एक शिक्षिका घ्या. चौतिसावा आठवडा, मानेवाड्याला माहेरी आलेली, खोली वरच्या मजल्यावर. उशा लावून तिला अर्धवट टेकवलं आणि गुडघा सरळ ठेवून एक पाय वीतभर उचलायला सांगितला. पाय जड, उचलताना कळ. मग दोन्ही खुबे बाजूंनी तळहातांनी आत दाबून धरले, तर तोच पाय सहज वर आला. अशा बाईला पट्टा लावून पाहायला हरकत नाही. दाबूनही फरक पडला नाही, तर पैसे वाचवा. ही परीक्षा डॉक्टर किंवा फिजिओकडूनच करून घ्या.

आता माप. टेप कमरेला लावू नका. उभं राहून मांडीच्या वर, बाजूला जे टणक हाड हाताला लागतं, त्याच्या किंचित वरून, पोटाच्या खालून टेप फिरवा. पट्टा तिथेच बसतो. दुकानात बाळंतपणानंतर बांधायचा पोटपट्टा पुढे केला जाईल. तो आता नको, तो पोटच आवळतो. पोट खालून उचलून धरणारा रुंद पट्टा वेगळा. जड पोटाने कंबर ओढली जात असेल तर काहींना तो बरा वाटतो. पट्टा आणि अंग यांच्यात सपाट हात सरकला पाहिजे. मांडीला मुंग्या आल्या तर सैल करा. चालताना, ओट्याशी उभं राहताना लावा, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर काढा. नागपूरच्या मे महिन्यात तो सुती कपड्यावरूनच बांधा, नाहीतर दोन दिवसांत घामोळं. आठवडाभरात फरक जाणवला नाही तर ठेवून द्या. पट्ट्यावरचा अभ्यास फार भक्कम नाही. लावलेला असेपर्यंत आराम मिळू शकतो, सांधा त्याने बरा होत नाही.

त्या शिक्षिकेला खरा फायदा झाला तो पलंगावर. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपायचं, डावी किंवा उजवी कोणतीही. मध्येच जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, कुशीवर वळा. उशी गुडघ्यांमध्येच नाही, घोट्यांपर्यंत पोचेल अशी लांब हवी, लोड चालतो. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून, खांदे आणि खुबे एकदम वळवायचे. उठताना आधी कुशीवर, मग हाताचा टेका. जिना दिवसातून एकदाच, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. कपडे बसून घालायचे. मांडी घालून बसणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, ॲक्टिव्हावर पाय टाकून बसणं हे दुखतंय तोवर बंद. "उकिडवं बसलं की बाळंतपण सोपं जातं," असं काकू सांगतीलच. या दुखण्यात ते ऐकू नका.

घरातलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. वीस आठवड्यांनंतर ही औषधं टाळतात. स्प्रे आणि जेलमध्येही तीच असू शकतात. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून.

दवाखान्याच्या पिशवीत एक आकडा हवा. खुर्चीच्या कडेवर बसून कळ न येता गुडघे किती फाकतात, ते शिंप्याच्या टेपने मोजा. त्या शिक्षिकेचे 30 सेंमी भरले. ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि डॉक्टर-सिस्टरना आधीच सांगा: कुशीवर किंवा ओणवं राहून कळा देता येतील का, आणि टेबलावर पाय वर घ्यावे लागले तर दोन्ही एकदम, हळू. कमरेतून भूल दिल्यावर कळ जाणवत नाही आणि पाय नकळत जास्त फाकवले जातात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

दुखणं ठरावीक अंतराने येऊन जात असेल, पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, जांघांमधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर पट्टा बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108.