रेंडर लावण्याआधी: चादरीची हळद हळदच राहावी म्हणून

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदारांसाठी मी संगणकावर चादरींची त्रिमितीय चित्रं करतो. चादर घडी घालून खाटेवर ठेवलेली, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन तिच्यावर तिरकं पडलेलं, असं एक चित्र, आणि सोबत प्रत्येक रंगाचं एकेक साधं चित्र कॅटलॉगसाठी. पहिल्या खेपेला मी फोनवर नमुना पाठवला, तेव्हा त्यांनी एकच वाक्य लिहिलं: "चादर आमचीच हाय, पण रंग दुसऱ्याचा वाटतोय." त्यांचं बरोबर होतं. चादरीवरचा हळदी पट्टा उन्हात आल्याबरोबर लिंबू झाला होता. रेंडर म्हणजे बांधलेल्या सीनमधून संगणकाने उजेडाचा हिशेब करून पक्कं चित्र काढणं. तेव्हापासून रात्रभराचं रेंडर लावण्याआधी मी काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने करून घेतो. मी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे मेनूतली नावं त्यातलीच येतील.

सगळ्यात आधी खरी चादर टेबलावर हवी. फोटो नाही, चादर. दुपारी बाराचं ऊन थेट अंगावर नको. सावलीतल्या उजेडात, दाराजवळ, तिचा रंग डोळ्यांत भरून घ्यायचा. मग हळदी पट्ट्याचा रंग मटेरियलमध्ये टाकायचा. माझ्या नमुन्यात तो `E0A01E` निघाला. हा हेक्स आकडा म्हणजे पडद्यावरचा रंग. हिशेब करताना ब्लेंडर त्याचं रेषीय मूल्य, म्हणजे उजेडाच्या सरळ प्रमाणातला आकडा, वापरतो, आणि ते साधारण 0.745, 0.352, 0.013 येतं, अनुक्रमे लाल, हिरवा, निळा. पुढचा सगळा गोंधळ या तीन आकड्यांतून कळतो, म्हणून ते कागदावर लिहून ठेवतो.

चादरीशेजारी एक राखाडी गोळा ठेवायचा, बेस कलर तिन्ही वाहिन्यांत 0.18, चकाकी अजिबात नाही. असाच दुसरा गोळा उन्हाच्या पट्ट्यात. शेवटच्या रेंडरआधी दोन्ही काढून टाकायला विसरू नका. मी एकदा विसरलोय, आणि मालकांनी विचारलं, ही गोटी कसली?

आता व्ह्यू ट्रान्सफॉर्म. रेंडरचा हिशेब संपल्यावर हाती येतात ते नुसते उजेडाचे आकडे, आणि त्यांना वरची मर्यादा नसते. पडदा मात्र एका ठरावीक उजेडापलीकडे जाऊ शकत नाही. हे आकडे पडद्यात कसे बसवायचे, ते ठरवणारी पायरी म्हणजे व्ह्यू ट्रान्सफॉर्म. पॅनल `Color Management` नावाचं, रेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये तळाशी. ही निवड दिवे लावण्याआधी करायची. चित्र तयार झाल्यावरही ती बदलता येते, पुन्हा रेंडर करावं लागत नाही, हे खरं. पण दिवे ज्या ट्रान्सफॉर्मखाली बघून लावले असतात, त्याच्याच मापाचे ते असतात. `Standard`खाली उन्हाची तिरीप भडक होते म्हणून आपण ऊन कमी करतो, मग खोली मरगळते म्हणून घरात एक खोटा दिवा लावतो. नंतर ट्रान्सफॉर्म बदलला की तो खोटा दिवा उघडा पडतो.

माझ्या सीनमध्ये सावलीतल्या गोळ्याचं मूल्य 0.18च्या आसपास बसवलं आणि उन्हातला उजेड त्याच्या सहापट निघाला. प्रत्यक्षात ऊन आणि घरातली सावली यांत याहून कितीतरी जास्त फरक असतो, पण चित्रापुरता सहापट ठीक. इमेज एडिटरमध्ये चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून धरलं की खालच्या पट्टीत त्या ठिकाणचे खरे आकडे दिसतात, तिथून हे मोजलं. म्हणजे उन्हातला राखाडी गोळा 1.08, आणि उन्हातला हळदी पट्टा 4.47, 2.11, 0.08.

`Standard` काय करतं बघा. 1च्या वरचं सगळं ते 1वर छाटतं. 4.47चा झाला 1, 2.11चाही झाला 1, निळा राहिला 0.08. लाल आणि हिरवा सारखेच झाले, की डोळ्यांना दिसतो शुद्ध लिंबू पिवळा. हळदीत लाल हिरव्याच्या दुपटीहून जास्त होता. तो फरकच छाटला गेला. म्हणजे दोष ना टेक्स्चरचा, ना दिव्याचा. असाच राखाडी गोळाही 1.08वर छाटला जाऊन सपाट पांढरा टिकला होतो. पडद्यावर ओळखायची खूण सोपी आहे: उन्हाच्या पट्ट्याची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते, आत धाग्यांची वीण दिसत नाही, आणि रंग शेजारच्या सावलीतल्या रंगाचा सख्खा वाटत नाही. मध्यम राखाडीपासून, म्हणजे त्या 0.18पासून, वर `Standard`कडे जेमतेम अडीच स्टॉप जागा आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट.

`Filmic` 2.79 आवृत्तीपासून, 2017 सालापासून, ब्लेंडरसोबत येतं, आणि त्याने जागा साडेसहा स्टॉपपर्यंत वाढवली, 16.29पर्यंतचं मूल्य त्यात मावतं. कड मऊ होते, वीण दिसते. पण फार भडक रंगांवर तीव्र प्रकाश पडला की तेही रंगाला ठरावीक वळणावर नेतं, हळद थोडी तरी पिवळ्याकडे सरकतेच. 4.0पासून नव्या फाइलमध्ये आपोआप `AgX` असतं. त्याची वरची जागा तेवढीच, 16.29; फरक असा की उजेड वाढत जातो तसा रंग फिकट होत पांढऱ्याकडे जातो. उन्हात धरलेलं कापड आपल्याला असंच दिसतं. माझा 4.47 त्यात आरामात बसतो आणि वर आणखी उजेडाला जागा उरते. उन्हाच्या चित्रासाठी मी आता डोळे झाकून `AgX` घेतो.

कॅटलॉगच्या चित्राला मात्र तेच `AgX` नको. मालकांना तिथे दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचं सौंदर्य नको असतं, रंगाची खात्री हवी असते. `AgX` सरळ उजेडातही गडद लाल जरा मवाळ करतं, आणि मग ऐकावं लागतं, "रंग उडालाय का?" अशा वेळी मटेरियलमध्येच लाल भडक करण्याचा मोह होतो. तो आवरा; भडक केलेला तो लाल दुसऱ्या सीनमध्ये अंगावर येतो, आणि शेजारच्या भिंतीवर पडणारी त्याची लाली खोटी दिसते. 4.2पासून `Khronos PBR Neutral` मिळतं, ते नेमकं याच कामाचं. रंगहीन उजेडाखाली, बेस कलर 0.8च्या आत असेल, तर दिलेला रंग ते जवळजवळ जसाच्या तसा दाखवतं आणि त्यावरचा भाग तेवढा दाबतं. अट ऐकली ना, रंगहीन उजेड. सॉफ्ट, पांढरा, चारी बाजूंनी सारखा. हेच मी एकदा उन्हाच्या चित्राला लावून पाहिलं: हळद हळदच राहिली, पण उन्हाच्या पट्ट्यातले सगळे आकडे वरच्या अरुंद जागेत कोंबले गेले आणि वीण पुन्हा सपाट झाली. म्हणून एका चादरीच्या दोन फाइली करतो, एक उन्हाची, एक कॅटलॉगची, आणि दोन्हींचे दिवे वेगळे लावतो.

एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेडाची पातळी, बघायला व्ह्यू ट्रान्सफॉर्मच्याच यादीतलं `False Color` लावायचं. सावलीतला गोळा राखाडी दिसला पाहिजे, उन्हाचा पट्टा पिवळ्या-नारिंगीत चालेल, थोडा लाल चालेल, आणि पांढरं फक्त खिडकीच्या काचेच्या चकाकीपुरतं. पट्ट्याच्या मधोमध पांढरा डाग आला तर सूर्याची `Strength` कमी करायची. सगळं चित्रच एका बाजूला झुकलं असेल, तर `Exposure` अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने हलवायचं. `Gamma` 1वरच राहू द्या. त्याला हात लावला की सावल्या धुरकट होतात, आणि दोष `AgX`ला जातो. बघून झालं की `False Color` परत बदलायचं, हे सांगायची वेळ खरं तर येऊ नये.

लूक, म्हणजे ट्रान्सफॉर्मवर चढवायचा कॉन्ट्रास्टचा थर, सगळ्यात शेवटी. नुसतं `AgX` पहिल्या नजरेला जरा पाणचट वाटतं, आणि कच्च्या मालाला ते ठीकच आहे. मी `Medium High Contrast` घेतो. सावल्यांना वजन येतं आणि घडीच्या वळ्या उठून दिसतात. `Punchy` मध्यम छटा खाली ओढतं, त्यामुळे मरून रंगाच्या चादरीत मयूरपंखाची नक्षी अंधारात जाते; फिकट चादरीला मात्र ते शोभतं. `High Contrast`च्या वर मी जात नाही. बारीक दोरा सावलीत बुडाला की मालकांना विणकरांनी केलेलं काम दिसत नाही, आणि त्यांना तेच दाखवायचं असतं. दर खेपेला हाताने निवडायचा कंटाळा आला म्हणून मी हे पाच ओळींत बांधून ठेवलंय:

```
import bpy
v = bpy.context.scene.view_settings
v.view_transform = 'AgX'
v.look = 'AgX - Medium High Contrast'
v.exposure, v.gamma = 0.0, 1.0
```

टेक्स्चरवर एक नजर टाकायची: चादरीच्या रंगाचा फोटो `sRGB`, तर नॉर्मल आणि रफनेसचे नकाशे `Non-Color`. रफनेस चुकून `sRGB` राहिला तर कापड नको तिथे चकाकतं, आणि आपण उगाच व्ह्यू ट्रान्सफॉर्म बदलत बसतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीचं वेगळं प्रकरण आहे. चादरीमागे पांढरी भिंत ठेवली तर `AgX`खाली ती राखाडी दिसते, आणि पांढरी व्हावी म्हणून उजेड वाढवला की चादर धुऊन निघते. त्यापेक्षा `Film` मधलं `Transparent` लावून चादर एकटी काढायची आणि पांढरा कागद नंतर चित्राच्या प्रोग्राममध्ये मागे घालायचा. कारखान्याचा शिक्काही तसाच नंतर. सीनमध्ये ठेवलेल्या शिक्क्याचा लाल `AgX`मधून गेल्यावर फिका होतो, आणि शिक्क्याच्या रंगाबद्दल माणसं चादरीहून जास्त हळवी असतात.

जतन करताना दोन प्रती. एक `OpenEXR`, तिच्यात उजेडाचे मूळ आकडे राहतात, व्ह्यू ट्रान्सफॉर्म आणि लूक त्यात भाजला जात नाही; उद्या मालक म्हणाले की जरा उजळ करा, तर रात्रभराचं रेंडर पुन्हा लावायची गरज नाही. दुसरी `PNG`, तिच्यात सगळं भाजलेलं, हीच पाठवायची. ही `PNG` परत ब्लेंडरमध्ये घेऊन व्हिडिओ जोडायचा असेल, तर त्या फाइलमध्ये आधी `Standard` लावा. नाहीतर एकदा `AgX`मधून गेलेलं चित्र दुसऱ्यांदा त्यातून जातं आणि सगळी चादर धुळकट होते, एमआयडीसीतल्या शेडच्या काचेतून बघितल्यासारखी.

हे झालं की चौथाई मापात, कमी सॅम्पल्सवर एक रेंडर काढायचं, फोनवर घ्यायचं आणि दाराशी, सावलीत, खऱ्या चादरीशेजारी धरायचं. संगणकाच्या पडद्यावर मी समाधानी असतो. मालक फोनवर बघतात. हळद जुळली, उन्हाच्या कडेला वीण दिसली, की इन्व्हर्टर भरलाय ना ते बघून रेंडर लावायचं.