रिऑर्डर पॉइंट काढताना होणाऱ्या या चुका टाळा

किती माल उरला की नवी ऑर्डर द्यायची तो आकडा म्हणजे रिऑर्डर पॉइंट. सूत्र सोपं आहे: रोजचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सेफ्टी स्टॉक, म्हणजे खप वाढला किंवा माल उशिरा आला तर हाताशी असावा असा जादा माल. तरीही माल संपतो, कारण गडबड बहुतेक वेळा आकड्यांतच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माल संपलेले दिवस शून्य विक्री म्हणून धरणं. समजा ३० दिवसांत ३०० बल्ब विकले, म्हणजे सरासरी १०, पण त्यातले ५ दिवस रॅकवर बल्बच नव्हता, मग खरी सरासरी ३०० भागिले २५, म्हणजे १२ झाली ना! गिऱ्हाईक आलं होतं, आपल्याकडेच माल नव्हता. ही शून्यं सरासरी खाली ओढतात आणि खपातला चढउतार उगाच जास्त दाखवतात, म्हणून शीटमध्ये त्या दिवशी 0 टाकू नका, रकाना रिकामा सोडा, सरासरी काढणारं AVERAGE आणि चढउतार मोजणारं STDEV.S दोन्ही रिकामा रकाना सोडून देतात. दुपारीच माल संपला असेल तर तो दिवसही वगळा. आणि खरंच कोणी मागितलं नाही त्या दिवसाचं शून्य मात्र ठेवायचं.

आता STDEV.S ने चढउतार आला ४ आणि माल यायला लागतात ९ दिवस. इथे बरेच जण ४ ला थेट ९ ने गुणतात, ते चूक, कारण एक दिवस जास्त खप झाला तर दुसऱ्या दिवशी कमी होतो आणि थोडंफार भरून निघतं, म्हणून ९ चं वर्गमूळ घ्यायचं, ३. दर १०० ऑर्डरींपैकी साधारण ९५ वेळा माल पुरावा असं हवं असेल तर १.६५ ने गुणा: १.६५ × ४ × ३, म्हणजे सेफ्टी स्टॉक २० बल्ब. थेट ९ ने गुणलं असतं तर ६० आले असते, ४० बल्बांचे पैसे विनाकारण अडकले.

पण हे २० सुद्धा तेव्हाच पुरतात जेव्हा सप्लायर ठरल्या दिवशी माल देतो. मागच्या १०-१२ ऑर्डरींच्या तारखा काढून बघा, कधी ७ दिवस, कधी १२ असं दिसेल. त्या दिवसांचा STDEV.S समजा २ आला, तर रोजची सरासरी १२ धरून सेफ्टी स्टॉक असा:

```
=1.65*SQRT(9*4^2 + 12^2*2^2)
```

उत्तर ४४.३, म्हणजे ४५ बल्ब, दुपटीहून जास्त! गिऱ्हाइकांपेक्षा सप्लायरचाच चढउतार महागात पडतोय, त्यामुळे आधी त्याच्याशी बोला. तोपर्यंत रिऑर्डर पॉइंट १२ × ९ म्हणजे १०८, अधिक ४५ = १५३ ठेवा.

हा १५३ रॅकवरच्या मालाशी लावू नका, रॅकवरचा अधिक ऑर्डर देऊन यायचा बाकी असलेला, असा एकूण धरा, नाहीतर आधीची ऑर्डर वाटेत असताना परत ऑर्डर जाते. आणि आठवड्यातून एकदाच स्टॉक बघत असाल तर ९ च्या जागी ९ अधिक ७ म्हणजे १६ दिवस धरा, १२ × ९ मध्ये आणि SQRT मध्ये, दोन्ही ठिकाणी.

महिन्याला दोन-तीनच नग खपणाऱ्या वस्तूला हे गणित लावू नका, तिथे १.६५ चा हिशोब बसत नाही.