डीडीटीचं गणित करताना या चुका टाळा

उजनी धरणावर प्रोजेक्ट करणारी मुलं बायोमॅग्निफिकेशन, म्हणजे अन्नसाखळीत वर जाताना विषाचं प्रमाण वाढत जाणं, लिहिताना बहुतेक वेळा एकाच जागी घसरतात, ती जागा म्हणजे युनिट. पुस्तकांत येणारं डीडीटी या कीटकनाशकाचं गाजलेलं उदाहरण घ्या (आकडे अमेरिकेतले आहेत, ते उजनीच्या नावावर खपवू नका). पाण्यात 0.003 पीपीबी, म्हणजे एक अब्ज भागांत 0.003 भाग, पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राणीप्लवकात 0.04 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 0.04 भाग, छोट्या माशात 0.5, मोठ्या माशात 2 आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात 25 पीपीएम. आता पाण्याचा आकडा पीपीबीत आहे आणि बाकी सगळे पीपीएममध्ये, हे न बघता 25 ला 0.003 ने भागलं की 8,333 पट येतं आणि ते साफ चूक आहे. आधी पीपीबीला 1,000 ने भागा, 0.000003 पीपीएम, मग भागाकार करा, उत्तर येतं जवळपास 83 लाख पट.

पण हे 83 लाख सगळे खाण्यातून आलेत असं लिहिलंत तर ती पुढची चूक. टप्पे वेगळे करून बघा:

```
0.04 / 0.000003 = 13,333
0.5 / 0.04 = 12.5
2 / 0.5 = 4
25 / 2 = 12.5
```

पहिली उडी सगळ्यात मोठी आहे, आणि ती बरीचशी थेट पाण्यातून होते, कारण डीडीटीला पाणी नको असतं, चरबी मिळाली की ते तिच्यात जाऊन बसतं. अन्नसाखळीतली खरी वाढ म्हणजे खालच्या तिन्ही टप्प्यांचा गुणाकार, 625 पट.

ही वाढ होते कशी? समजा मोठ्या माशाने 10 किलो छोटे मासे खाल्ले, म्हणजे 5 मिलिग्रॅम डीडीटी पोटात गेलं, आणि त्याचं वजन वाढलं 1 किलो. बाकीचं अन्न हालचालीत, श्वासात खर्च झालं, डीडीटी मात्र सहजी तुटत नाही. सगळं अंगात राहिलं असतं तर 5 पीपीएम झालं असतं, 2 च दिसतं म्हणजे काही शोषलंच गेलं नाही, काही बाहेर पडलं.

आता सगळ्यात धोक्याची चूक, ‘पाणी टेस्ट केलं, रिपोर्ट ओके आहे, म्हणजे मासेही ओके’. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात डीडीटीची मर्यादा 1 पीपीबी आहे आणि वरचं पाणी तिच्या तीनशे पटींहून खाली आहे, आरामात पास होईल, तरी त्याच साखळीतल्या पक्ष्यात 25 पीपीएम!

आणि द्राक्षावर फवारलेलं प्रत्येक औषध डीडीटीसारखं साठत नाही बरं का. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात विरघळतं, शरीर ते बाहेर टाकतं. मधमाश्यांना ते घातकच आहे, पण तो प्रश्न वेगळा.

सँपल घ्यायचंच असेल तर पाण्यासोबत शेवाळ खाणारी चिलापी आणि शिकारी मरळ, दोन्ही घ्या, आणि लॅबकडून चरबीचं प्रमाण मागून घ्या. एका माशात चरबी 2 टक्के आणि दुसऱ्यात 8 असेल तर नुसते पीपीएम शेजारी ठेवून तुलना होत नाही.