थिअरीच्या पेपरआधी: इंधन वाचवणाऱ्या सवयी आणि धुराचा हिशेब

सोलापूरच्या आरटीओत लर्निंगच्या परीक्षेला बसताना बहुतेकांची तयारी चिन्हांवर आणि उजवी-डावी बाजू कुणाची यावर होते. इंधन आणि प्रदूषणाचे प्रश्न थोडेच असतात, म्हणून ते मागे राहतात. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या थिअरीत आणि चालक भरतीच्या लेखी परीक्षेत हेच प्रश्न फिरवून विचारले जातात. तिथे पाठांतर अपुरं पडतं, कारण चारही पर्याय ऐकायला बरोबर वाटतात. म्हणून खालची तयारी कारणासकट करून ठेवा. कारण माहीत असलं की शब्द बदलले तरी उत्तर बदलत नाही.

पहिली तयारी धुराची. सायलेन्सरमधून जे बाहेर पडतं त्याचे दोन गट मनात वेगळे ठेवा. पहिल्या गटात एकटा कार्बन डायऑक्साइड. तो इंधन नीट जळल्यावरच तयार होतो आणि जेवढे लिटर जळले तेवढ्याच प्रमाणात निघतो. एक लिटर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो, डिझेलमागे सुमारे २.७ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल, असा प्रश्न इथे बऱ्याच जणांना पडतो. उत्तर सोपं आहे: पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो आणि वाढलेलं वजन त्या ऑक्सिजनचं असतं. हा वायू कमी करायचा तर इंधनच कमी जाळावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या गटात कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळीचे बारीक कण. हे किती निघतील ते इंधन कसं जळलं यावर ठरतं. एकदम रेस दिली की इंजिन जास्त पेट्रोल मागतं, हवा त्या मानाने अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. एअर फिल्टर चोंदला की डिझेल गाडी काळा धूर सोडते. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जळतं आहे. ‘कोणता वायू विषारी?’ या प्रश्नाला कार्बन मोनॉक्साइड हे उत्तर द्या. ‘इंधनाची बचत केल्याने हमखास कोणता वायू कमी होतो?’ असं विचारलं तर कार्बन डायऑक्साइड. या दोन प्रश्नांची अदलाबदल झाली की एक गुण हातचा जातो.

आता सवयींकडे. यात सर्वांत जास्त वेळ ब्रेक आणि सिग्नल यांना द्या, कारण शहरात इंधन खरं तिथेच जातं. ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग उष्णता होऊन डिस्क आणि ड्रममधून हवेत निघून जातो. तो वेग मिळवायला जळलेलं पेट्रोल परत येत नाही. शिवाय वेग वाढला की ही किंमत वर्गाच्या पटीत वाढते. हजार किलोची पेट्रोल गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी ५० किलोमीटरवर न्यायला, इंजिनची नेहमीची कार्यक्षमता धरली तर, सुमारे १३ मिलिलिटर पेट्रोल लागतं. तीच गाडी ४० वर न्यायला साडेआठ मिलिलिटर पुरतं. वेग पाचातला एक भाग कमी, पण खर्च तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी.

हे सात रस्ता ते आसरा चौक या पट्ट्यावर मांडून पाहा. वाटेत चार वेळा थांबावं लागलं आणि प्रत्येक वेळी ४५ सेकंद उभं राहावं लागलं असं समजा. छोट्या गाडीचं इंजिन जागेवर सुरू ठेवलं तर तासाला साधारण ०.७ लिटर पितं, म्हणजे ४५ सेकंदांत जवळपास ९ मिलिलिटर. पहिला चालक दर वेळी ५० गाठतो, लाल दिव्यापर्यंत रेस देतो, मग करकचून ब्रेक मारतो आणि इंजिन चालू ठेवून थांबतो. त्याचे प्रत्येक थांब्याला २२ मिलिलिटर वाया, चार थांब्यांचे ८८. दुसरा चालक ४०च्या पुढे जात नाही आणि थांबल्यावर इंजिन बंद करतो. पुन्हा स्टार्टर मारायला लागणारं पेट्रोल दहा सेकंद इंजिन सुरू ठेवण्याइतकंच असतं, म्हणजे सुमारे २ मिलिलिटर. त्याचा थांब्यामागचा खर्च साडेदहा, चारांचे ४२. फरक ४६ मिलिलिटरचा. लाल दिवा दिसताच त्याने शंभर मीटर आधी पाय काढला तर हा फरक ५० मिलिलिटरच्या वर जातो. ५० धरले तरी एका फेरीत ११५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कमी. दिवसाला जाऊन-येऊन, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० लिटर पेट्रोल आणि जवळपास ७० किलो वायू वाचतो. पोहोचायला दोघांनाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, कारण पुढे पळालेला पहिला चालक पुढच्या सिग्नलला उभाच असतो.

या उदाहरणावरून तीन उत्तरं पक्की होतात. सिग्नलला किती वेळ थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं? दहा सेकंदांहून जास्त असेल तर गणित फायद्याचं ठरतं. पर्यायांमध्ये याहून मोठा आकडा असेल, तर तुमच्या पुस्तकात दिलेलाच निवडा. रांगेत गाडी दर पाच सेकंदांनी सरकत असेल तर मात्र बंद-चालू करू नका, त्याने स्टार्टर आणि बॅटरीच झिजते. दुसरं, लाल दिवा लांबून दिसला तर काय करावं? ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्ये असतानाच हळू होऊ द्यावी. तिसरं, वारंवार ब्रेक मारल्याने प्रदूषण कसं वाढतं? वाया गेलेल्या पेट्रोलमुळे तर वाढतंच, पण ब्रेक पॅड आणि टायर घासून उडालेली धूळही हवेत मिसळते. हवेतल्या धूलिकणांमुळे सोलापूरचा समावेश राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा हे उत्तर आपल्या शहरात केवळ परीक्षेपुरतं राहत नाही.

सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न उताराचा. ‘उतारावर इंधन वाचवण्यासाठी काय करावं?’ आणि पर्यायांत ‘गाडी न्यूट्रल करावी’ असं असतंच. हे उत्तर चूक आहे, आणि दोन्ही बाजूंनी चूक आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्या काळात पेट्रोल शून्य. इंजिनचे फेरे बरेच खाली आले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलं तर खर्च होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ही सोय नव्हती, म्हणून न्यूट्रलचा समज पक्का बसला आहे. सुरक्षिततेचा मुद्दा तर त्याहून मोठा. तुळजापूरच्या घाटात उतरताना न्यूट्रल केलं की इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नंतर नीट लागत नाहीत. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत थोड्या दाबांनंतर संपते आणि स्टिअरिंग जड होतं. बरोबर उत्तर: खालचा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय बाजूला.

गिअरचा प्रश्न लवकर आटपतो. पिकअप सौम्य ठेवा, वरचा गिअर लवकर टाका, पण इंजिन थरथरू लागलं किंवा ठकठक वाजू लागलं तर एक गिअर खाली या. खालच्या गिअरवर जोरात पळवणं आणि वरच्या गिअरवर ओढत नेणं, दोन्ही चूक. क्लचवर पाय ठेवून चालवणं म्हणजे प्लेट घसरवत इंजिनची ताकद उष्णतेत घालवणं. सकाळी इंजिन जागेवर तापवत बसू नका. स्टार्ट झाल्यावर थोड्या वेळात निघा आणि पहिले काही मिनिटं हलक्या हाताने चालवा. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि गाडी चालू लागली की तो लवकर तापतो.

टायरच्या हवेबद्दल विचारलं तर ‘कमी हवेने घर्षण वाढतं, इंधन जास्त लागतं’ एवढं सगळ्यांना येतं. मोजायची केव्हा, यात लोक अडकतात. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघताना किंवा जास्तीत जास्त दोन-तीन किलोमीटर चालवल्यावर. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पुण्याकडून हायवेने येऊन पंपावर हवा तपासली तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ असताना गेज ३७ दाखवू शकतं. जास्त झाली म्हणून कुणी चार पॉइंट सोडून दिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९च उरते. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. एसीबद्दल एवढंच: गाडी उन्हात उभी असेल तर आधी दारं उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. हायवेला काचा बंद ठेवा, कारण उघड्या काचांनी हवेचा रोध वाढतो.

शेवटची तयारी पीयूसीची. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं एक वर्ष ते लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना दर वर्षी, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं. काही जुन्या प्रश्नसंचांत नुसतं ‘सहा महिने’ हेच उत्तर छापलेलं आहे, म्हणून प्रश्नात गाडी कोणती आहे ते आधी वाचा. गाडी न सांगता तीनच पर्याय दिले असतील आणि संच जुना असेल तर सहा महिन्यांवर खूण करा. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने रद्द राहू शकतं. स्वतःची गाडी तपासायला नेणार असाल तर ती दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करून न्या. थंड गाडीत कन्व्हर्टर जागा झालेला नसतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर दिसतो.