देवस्थान ट्रस्टला उत्सवाचे चित्रीकरण आणि जुनी छायाचित्रे यांसाठी पत्र लिहिताना या चुका टाळा

"आपल्या मंदिराच्या उत्सवाचे चित्रीकरण करण्यास व आपल्याकडील जुने फोटो वापरण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. योग्य ते श्रेय दिले जाईल." देवस्थानाच्या कार्यालयात येणाऱ्या अनेक विनंतीपत्रांचा गाभा एवढाच असतो. भाषा नम्र आहे, हेतू चांगला आहे, आणि तरीही या पत्रावर विश्वस्तांना धड होकारही देता येत नाही आणि नकारही. कोणता विधी, किती माणसे, कोणते फोटो, कशासाठी आणि किती काळासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. असे पत्र फाइलमध्ये पडून राहते आणि आपण मात्र ट्रस्ट सहकार्य करत नाही असे समजून बसतो.

पहिली चूक म्हणजे दोन वेगळ्या विनंत्या एकाच वाक्यात घालणे. चित्रीकरणाची परवानगी ही जागेची आणि विधींच्या शिस्तीची बाब आहे. ती देणे न देणे ट्रस्टच्या हातात असते. जुन्या छायाचित्रांची परवानगी ही मालकीची आणि कॉपीराइटची बाब आहे, आणि ती पूर्णपणे ट्रस्टच्या हातात असेलच असे नाही. पत्र एकच असले तरी "विनंती क्र. १" आणि "विनंती क्र. २" असे दोन स्वतंत्र भाग करावेत, म्हणजे एकावर अडचण आली तरी दुसरीला मंजुरी मिळू शकते.

पत्र कोणाच्या नावे लिहावे, यातही चूक होते. पुजारी किंवा ओळखीचे एखादे विश्वस्त "या की, काही हरकत नाही" असे म्हणतात आणि आपण निर्धास्त होतो. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासात अशा बाबींचा निर्णय विश्वस्त मंडळाच्या सभेत ठरावाने झालेला बरा, कारण ऐन उत्सवात दुसऱ्या विश्वस्तांनी हरकत घेतली तर तोंडी होकाराचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून पत्र "मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ" यांच्या नावे, सचिवांमार्फत द्यावे. पुढील सभा कधी आहे हे आधी विचारून घ्यावे आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्सवाच्या आठ दिवस आधी दिलेले पत्र बहुधा सभेपुढे पोहोचतच नाही.

चित्रीकरणाच्या भागात नेमकेपणा हवा. समजा, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचे चित्रीकरण करायचे आहे. तिथीबरोबर दिनांकही लिहावा. पहाटेची काकड आरती, दुपारची महापूजा, संध्याकाळची पालखी आणि दुसऱ्या दिवशीचे काल्याचे कीर्तन, यांपैकी काय हवे आहे ते वेगवेगळे नोंदवावे आणि प्रत्येकापुढे आपण कुठे उभे राहणार ते सांगावे. "सभामंडपाच्या डाव्या खांबाजवळ, तिपाईवर एक कॅमेरा, वेगळा प्रकाश नाही, एकूण तीन माणसे" एवढे एक वाक्य विश्वस्तांची निम्मी काळजी दूर करते. गाभाऱ्यात चित्रीकरण करणार नाही, हे त्यांनी विचारण्याआधीच लिहावे. गाभारा हवाच असेल तर ती स्वतंत्र विनंती करावी.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ट्रस्टची परवानगी कीर्तनकारांना आणि भजनी मंडळाला बांधत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलाकारांना आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहेत, त्यामुळे संपूर्ण कीर्तन ध्वनिमुद्रित करायचे असेल तर बुवांची लेखी संमती वेगळी घ्यावी आणि ती घेणार असल्याचे पत्रात नमूद करावे.

आता छायाचित्रांकडे येऊ. खरी गुंतागुंत इथेच आहे. फोटो ट्रस्टच्या कपाटात आहे, याचा अर्थ त्याचा कॉपीराइट ट्रस्टकडे आहे असा होत नाही. छापील प्रत ही वस्तू आहे आणि कॉपीराइट हा वेगळा हक्क आहे. ट्रस्टने मोबदला देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार झाला नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क ट्रस्टचा ठरतो. पण भाविकाने हौसेने काढून भेट दिलेल्या फोटोचा हक्क सामान्यतः त्या भाविकाकडेच राहतो. मी एकदा बारा फोटोंची मंजुरी घेऊन समाधानाने घरी आलो, आणि स्कॅन करताना चार फोटोंच्या पाठीमागे एका स्टुडिओचा शिक्का दिसला. त्या चार फोटोंसाठी पुन्हा नव्याने शोध घ्यावा लागला. तेव्हापासून पत्र लिहिण्याआधीच फोटोची मागची बाजू पाहतो आणि शिक्का, सही, तारीख, जे काही असेल ते यादीत उतरवून घेतो.

म्हणून "जुने फोटो" असे मोघम न लिहिता पत्राला यादी जोडावी. त्यात अल्बमचा किंवा नोंदवहीचा क्रमांक, फोटोत काय आहे, पाठीमागचा मजकूर, आणि "छायाचित्रकार माहीत / अज्ञात" असे रकाने ठेवावेत. ट्रस्टकडून प्रत्येक फोटोबाबत दोन उत्तरे मागावीत: प्रत स्कॅन करू देणार का, आणि त्याचा हक्क ट्रस्टकडे आहे का.

मुदत आणि प्रदेश न लिहिणे ही चूक लगेच लक्षात येत नाही. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतराच्या लेखी करारात मुदत दिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश दिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परवान्यांनाही कलम ३०अ नुसार हेच लागू होते. इंटरनेटवर ठेवलेला माहितीपट परदेशातही दिसतो आणि पाच वर्षांनंतरही तिथेच असतो. तेव्हा पत्रात स्पष्ट लिहावे: "यादीतील छायाचित्रे प्रस्तुत माहितीपटात व त्यासोबतच्या पुस्तिकेत, जगभरात, विनामूल्य प्रदर्शनासाठी, १५ वर्षांकरिता वापरण्यास परवानगी मिळावी. अन्य कोणत्याही कामासाठी स्वतंत्र अर्ज केला जाईल." शेवटच्या वाक्याने विश्वस्तांना विश्वास वाटतो, कारण फोटो पुढे कॅलेंडरवर किंवा जाहिरातीत दिसतील ही भीती अनेकांना असते.

श्रेयाबद्दल "योग्य ते श्रेय" असे म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. "छायाचित्र" या शब्दापुढे फोटो काढणाऱ्याचे नाव येते आणि "सौजन्य" या शब्दापुढे प्रत उपलब्ध करून देणाऱ्याचे. या दोन्हींची गल्लत झाली की छायाचित्रकाराचे कुटुंब दुखावते. ओळ पत्रातच लिहून द्यावी: "छायाचित्र: (नाव किंवा अज्ञात). सौजन्य: (ट्रस्टचे नोंदणीकृत नाव), संग्रह क्र. ७." ती फोटोखाली येणार की शेवटच्या नामावलीत, हेही सांगावे. आणि श्रेय दिले म्हणून परवानगीची गरज संपत नाही, हे ध्यानात ठेवावे.

इतके करूनही कधी कधी उत्तर येते ते फक्त "परवानगी देण्यात येत आहे" एवढेच. ते पुरेसे नाही. त्यावर वाद घालण्यापेक्षा पत्रासोबतच मंजुरीचा तयार मसुदा द्यावा, ज्यात दोन्ही विनंत्या, यादीचा संदर्भ, मुदत, श्रेयाची ओळ आणि ठराव क्रमांक व दिनांकासाठी मोकळी जागा असेल. सचिवांना त्यावर सही-शिक्का करणे सोपे जाते, आणि एखादी अट खोडून नवी घालायची असली तर तीही त्याच कागदावर येते. उत्सवाच्या दिवशी या मंजुरीची एक प्रत चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असू द्यावी, कारण दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला सभेत झालेला ठराव माहीत नसतो.