वारसाच्या कागदांत नाते लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत घरातले नाते मराठीत सांगितले जाते, अर्ज कन्नडमध्ये भरला जातो आणि वकिलांचा मसुदा पुष्कळदा इंग्रजीत असतो. या फेऱ्यात आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि चुलतभाऊ या चौघांचाही ‘कझिन’ होतो आणि मराठीत परतताना तो सवयीने ‘चुलतभाऊ’ म्हणून उतरतो. वारसाच्या कागदात ही चूक फार महागात पडते.

समजा, निपाणीतील एक अविवाहित हिंदू गृहस्थ स्वकष्टार्जित घर मागे ठेवून, मृत्युपत्र न करता वारले. आईवडील, भावंडे व त्यांची मुले, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणीही हयात नाही. उरले आहेत ते फक्त एक चुलतभाऊ आणि एक आतेभाऊ. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अशा वेळी केवळ पुरुषांमार्फत जोडलेल्या नातेवाइकांचा, म्हणजे गोत्रजांचा, हक्क आधी येतो. चुलतभावाचे नाते वडील आणि काका यांच्यामार्फत जुळते, तर आतेभावाच्या साखळीत आत्या येते. म्हणून संपूर्ण घर चुलतभावाकडे जाते. दोघांनाही ‘कझिन’ लिहिले, तर ज्यावर निकाल अवलंबून आहे तोच फरक कागदावरून नाहीसा होतो.

‘अंकल’ या शब्दाचेही तसेच आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीतील दुसऱ्या वर्गात काका व आत्या सातव्या नोंदीत, तर मामा व मावशी नवव्या नोंदीत आहेत, आणि आधीच्या नोंदीतील वारस असेल तर नंतरच्याला काही मिळत नाही.

कन्नडमधून येणारी चूक ओळखणे अधिक अवघड असते, कारण तिथे शब्द नेमकाच भासतो. वडिलांच्या धाकट्या भावाला कन्नडमध्ये ‘चिक्कप्पा’ म्हणतात, पण आईच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांनाही ‘चिक्कप्पा’च म्हणतात. मराठी अनुवादात ते ‘चुलते’ झाले, तर रक्ताचे नाते नसलेली व्यक्ती काकांच्या जागी येऊन बसते. मृताच्या आजोबांचे, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे, आणि या चिक्कप्पांच्या वडिलांचे नाव ताडून पाहावे. दोन्ही नावे निराळी असतील, तर हे बहुधा मावशीचे यजमान आहेत.

आपल्याकडच्या बोलीतही एक खाच आहे, आणि ती घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. अनेक घरांत सून सासऱ्यांना ‘मामा’ आणि सासूला ‘आत्या’ म्हणते, त्यामुळे तिने तोंडी सांगितलेला ‘मामा’ जसाच्या तसा लिहू नये. ‘तुमच्या आईचे भाऊ, की यजमानांचे वडील?’ असे विचारून घ्यावे आणि नात्याच्या रकान्यात ‘आईचा सख्खा भाऊ’, ‘वडिलांच्या बहिणीचा मुलगा’ अशी पूर्ण साखळी लिहावी, म्हणजे ती कन्नड किंवा इंग्रजीत नेतानाही तुटत नाही.

वर सांगितलेला क्रम पुरुषाच्या मालमत्तेचा आहे. स्त्रीच्या मालमत्तेला कलम १५ लागू होते आणि तिथे पतीच्या वारसांचा क्रम वेगळा लागतो, म्हणून तिच्या कागदात प्रत्येक नाते माहेरचे की सासरचे, हेही लिहावे लागते.